ओठ ठरलेले, शब्द बदलायचे

डब केलेल्या चित्रपटात संवाद ओठांपासून थोडे सुटले तरी प्रेक्षक चालवून घेतो. पात्र बोलतं, थांबतं, मान वळवतं, कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जातो आणि चूक निसटून जाते. गाण्यात ही सवलत मिळत नाही. चाल ठरलेली असते, कोणता स्वर किती वेळ धरायचा ते ठरलेलं असतं, आणि नेमक्या लांब स्वराच्या वेळी कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्याजवळ गेलेला असतो. पडद्यावर ओठांचा गोल चंबू झालेला आहे आणि कानावर लांबलचक ‘ई’ येतो आहे, असं दोन सेकंद चाललं तर लहान मूलसुद्धा म्हणतं की हे खोटं आहे.

त्यामुळे डबिंगसाठी गाणं पुन्हा लिहिणारा गीतकार ज्या अटीत काम करतो, ती अट साध्या भाषांतरकाराला नसते आणि चालीवर शब्द बसवणाऱ्या नेहमीच्या गीतकारालाही नसते. मीटर सांभाळायचं, अर्थ शक्य तितका राखायचा, आणि शिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाचा आकार आपल्या भाषेत शोधायचा.

यातली पहिली गोष्ट अशी की सगळे उच्चार दिसत नाहीत. आवाज बंद करून कुणाला तरी ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ म्हणायला सांगा. तिन्ही शब्द सारखेच दिसतील, कारण प, ब आणि म या तिघांनाही ओठ पूर्ण मिटावे लागतात आणि त्यांच्यातला फरक घशात आणि नाकात होतो. ‘कान’, ‘ताण’, ‘रान’ यांचंही जवळजवळ तसंच. तिथे काम जिभेचं असतं, ती दातांच्या आत असते आणि कॅमेऱ्याला तिचं फारसं काही दिसत नाही. म्हणजे क, ग, त, ट, च, न, ल, र यांची अदलाबदल गीतकाराने बऱ्यापैकी मोकळेपणाने करावी. हात बांधले जातात ते दोन ठिकाणी. जिथे ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ, म यांपैकी काही तरी हवं. आणि स्वरांपैकी उ-ओ ओठ गोल करतात, इ-ए ओठ फाकवतात, आ जबडा उघडतो. हे तीन आकार लांबूनही ओळखू येतात. नुसता ‘अ’ मात्र गरीब आहे, तो कुठेही खपतो.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायला डिस्नेच्या ‘फ्रोझन’ (2013) या चित्रपटातल्या ‘लेट इट गो’सारखं दुसरं गाणं नाही. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडप्याने ते लिहिलं, इडिना मेंझेलने गायलं, आणि तिच्या इंग्रजी उच्चारांवर एल्साचं तोंड हलवलं गेलं. ते एकदा हललं की पुढे प्रत्येक भाषेला तेच तोंड मिळालं. 2014च्या सुरुवातीला डिस्नेने 25 भाषांमधले तुकडे जोडून या गाण्याची एक चित्रफीत काढली होती. ती पाहताना आपण एकच चेहरा भाषा बदलत गाताना बघतो, आणि कोणत्या गीतकाराने काय वाचवलं आणि काय सोडलं हे उघड दिसतं.

ध्रुवपदाचे शब्द तीन, अक्षरं तीन, आणि तिसऱ्यावर ‘गो’चा गोल ओठ. सगळी मेख त्या ‘गो’मध्ये आहे. पहिली दोन अक्षरं झटकन जातात. तिसरं धरून ठेवलेलं आहे. जर्मन गीतकाराला नशिबाने साथ दिली. तिथे ‘लास येत्स्ट लोस’ असा तीनच अक्षरांचा शब्दप्रयोग सापडला, अर्थ जवळजवळ मूळचाच आणि शेवटी ‘लो’. स्पेनमधल्या आवृत्तीत ‘स्वेल्तालो’ आहे, म्हणजे ‘सोड ते’. तीन अक्षरं, शेवटी ‘लो’. लॅटिन अमेरिकेसाठीची स्पॅनिश वेगळी लिहिली गेली आणि तिथे ‘लिब्रे सोय’ झालं, म्हणजे ‘मी मुक्त आहे’. अर्थ सरकला, पण ओ राहिला. इटालियनमध्ये अर्थ पारच बदलून ‘पहाटे मी उगवेन’ असा झाला. हे सगळं कशासाठी, तर त्या भाषेत ‘उगवेन’ या क्रियापदाचा शेवट ठसठशीत ‘रो’वर होतो म्हणून. जपानीत शीर्षक ‘आरी नो मामा दे’ असं आहे, म्हणजे ‘जशी आहे तशी’. त्या आवृत्तीच्या ध्रुवपदात इंग्रजीतला ‘गो’ लागोपाठ दोनदा येतो तिथे दोन्ही वेळा ‘नो’ पडतो. मध्ये ‘मामा’चे दोन म येतात, तिथे एल्साचे ओठ काही मिटत नाहीत, पण ते स्वर इतके चटकन जातात की डोळा अडत नाही.

फ्रेंचांनी मात्र वेगळाच रस्ता धरला. ‘लिबेरे, देलिव्रे’, म्हणजे ‘मुक्त झालेली, सुटलेली’. दोन्ही शब्द ए-वर संपतात, म्हणजे ओठ फाकलेले, आणि पडद्यावर एल्साचे ओठ गोल. शुद्ध तंत्राच्या नजरेने ही चूकच. तरी फ्रान्समधल्या मुलांनी ते गाणं डोक्यावर घेतलं. यमक घट्ट आहे, तोंडात बसतं, आणि मुलं चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर गाताना समोर एल्साचे ओठ नसतात. माझ्या मते इथे फ्रेंच गीतकाराने केलेला सौदा चुकीचा नव्हता, पण तो सौदा आहे हे त्याला ठाऊक असणार.

हेच गाणं मराठीत करायचं म्हटलं तर काय होईल? अर्थाने नेमका शब्द हाताशीच आहे: ‘जाऊ दे’. तीन अक्षरं, रोजच्या बोलण्यातला, आणि मनातलं ओझं टाकून देताना मराठी माणूस खरोखर हेच म्हणतो. पण तो ‘दे’वर संपतो. दुसऱ्या अक्षराला ‘ऊ’ आहे, पण गोल ओठ तिथे नको आहेत. ते एक अक्षर पुढे हवे आहेत. मग क्रियापदांकडे वळावं, तर मराठीत ओकारान्त क्रियापदं भरपूर आहेत: जातो, येतो, सोडतो, विसरतो. दुर्दैवाने ती सगळी पुरुषाची आहेत. एल्सा ‘सोडते’ म्हणणार आणि पुन्हा ए. मराठी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं याचा डबिंगच्या गीतकाराला असा फटका बसतो: नायकाच्या तोंडी जी ओळ ओठांवर चपखल बसते, तीच नायिकेच्या तोंडी निसटते. उरतो आज्ञार्थ. ‘मुक्त हो’. तीन अक्षरं, शेवटी ‘हो’, अर्थ लॅटिन अमेरिकन आवृत्तीच्या जवळचा. सुरुवातीला म आहे, म्हणजे मिटलेले ओठ जास्तीचे आले, पण ते अक्षर आखूड आहे. खरी अडचण दुसरीच: ‘मुक्त हो’ हे प्रवचनातलं वाटतं, ‘जाऊ दे’ हे माणसाचं वाटतं. मला निवडायला सांगितलं तर चेहरा जवळ असलेल्या जागी ‘मुक्त हो’ घेईन आणि एल्सा पाठमोरी किंवा लांब असेल तिथे ‘जाऊ दे’ वापरेन. ध्रुवपद दर वेळी शब्दशः तेच असलं पाहिजे असा काही कायदा नाही.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण म्हणजे ‘आरआरआर’मधलं ‘नाटू नाटू’. चंद्रबोस यांनी ते तेलुगूत लिहिलं, एम. एम. कीरवाणी यांनी चाल लावली, 2021मध्ये कीवच्या मारिन्स्की राजवाड्यासमोर ते चित्रित झालं आणि 2023मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ‘नाटु’ म्हणजे गावठी, आपल्या मातीतलं. हिंदीत रिया मुखर्जी यांनी त्याचं ‘नाचो नाचो’ केलं. अर्थाने पाहिलं तर गावठीपणा पूर्ण गेला आणि नाच आला. पण आवाज बंद करून पाहा. पहिल्या अक्षराला दोन्हीकडे ‘ना’, जबडा उघडा. दुसऱ्या अक्षरात ‘ट’च्या जागी ‘च’ आला, तो दातांआड राहिला, आणि ‘उ’च्या जागी ‘ओ’ आला, म्हणजे ओठ गोलच राहिले, जरा सैल इतकंच. आणि पडद्यावर दोघं नाचतच आहेत, त्यामुळे शब्द चित्राच्या बाहेर गेला नाही. तमिळ (मदन कार्की) आणि कन्नड गीतकारांना तर मूळ शब्दच ठेवता आला, कारण तो त्यांच्याही भाषेत आहे.

गंमत अशी की मराठी इथे हिंदीपेक्षा जवळ जाते. ‘नाचू’. चला नाचू, गाऊ, धावू, उडू. ‘आपण सगळे मिळून करू’ असं सांगणारं आपलं रूप नेहमी ‘ऊ’वर संपतं. ते पुरुषाला आणि बाईला एकच आहे, त्यामुळे ‘सोडतो-सोडते’चा घोळ नाही. ‘नाटू’ आणि ‘नाचू’ यांत ओठांच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही. ‘रांगडा’ हा शब्द अर्थाने कितीतरी सरस आहे, पण तो तोंड उघडं ठेवून संपतो, आणि त्या जलद ठेक्यात दर दुसऱ्या अक्षराला ते दिसत राहील.

तेलुगूवरून काम करताना हा शेवटच्या स्वराचा प्रश्न वारंवार येतो. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात, पुष्कळदा उ-वर. हिंदी-मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शेवटचा अ गिळून टाकतो. पडद्यावर नटाचं तोंड अजून हलतं आहे आणि आपला शब्द संपून गेला, अशी अवस्था होते. जुन्या भावगीतात गायक ‘घ-र’ अशी दोन अक्षरं करून तो अ लांबवायचे आणि आपण ते गोड मानायचो. आज तसं केलं की कानाला जुनाट लागतं. म्हणून अनुभवी लेखक ओळीच्या शेवटी व्यंजनान्त शब्द येऊच देत नाही.

ओठ आणि आवाज किती जुळले म्हणजे पुरे? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने प्रक्षेपणासाठी जी मर्यादा मानली आहे तिच्यानुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला, तर प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं; उशिरा आला, तर 125 मिलिसेकंदांपर्यंत खपतं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, म्हणजे एक चौकट 42 मिलिसेकंदांच्या आसपास. सोप्या हिशेबाने आवाज एक चौकट पुढे चालतो, तीन चौकटी मागे चालतो. विजेआधी गडगडाट ऐकू येत नसतो, त्यामुळे उशिराची आपल्याला सवय आहे. ध्वनिमुद्रकाला एखादा ‘म’ दोन चौकटी मागे सरकवून मिटलेल्या ओठांवर आणता येतो. पण ज्या ओळीत ‘म’च नाही तिथे त्याच्याही हातात काही नसतं.

उलट, ओठांचा आकार चुकला तर कान फसतो हेही सिद्ध झालेलं आहे. 1976मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी लोकांना ‘ग’ म्हणणारं तोंड दाखवलं आणि त्यावर ‘ब’चा आवाज लावला. बहुतेक प्रौढांना ऐकू आला तो ‘द’, जो ना चित्रात होता ना आवाजात. डब गाण्यातले शब्द ‘स्पष्ट कळत नाहीत’ अशी तक्रार आपण गायकावर ढकलतो. पुष्कळदा ती चूक गीतकाराने दिलेल्या अक्षराची असते.

आता एक ओळ पूर्ण करून पाहू. खऱ्या गाण्यातली नको, मीच रचतो. समजा हिंदीत नायक गातो आहे: ‘आजा, शाम ढले, मेरे पास तू’. अक्षरं मोजताना लिहिलेली नव्हे, उच्चारलेली मोजायची: आ, जा, शाम्, ढ, ले, मे, रे, पास्, तू. नऊ. आता ध्वनी बंद करून चित्र बघायचं आणि कागदावर खुणा करायच्या. सुरुवातीला दोन मोठे उघडे आ. तिसऱ्या अक्षराच्या शेवटी ओठ मिटतात. सहाव्याच्या आणि आठव्याच्या सुरुवातीला पुन्हा मिटतात. नवव्यावर गोल ओठ, आणि तो स्वर लांब. फ्रान्समध्ये या खुणा करण्याचं काम इतकं पक्कं बसलेलं आहे की पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीवर मिटलेल्या आणि उघड्या ओठांची चिन्हं लिहूनच डबिंग करायची तिथली परंपरा आहे.

सरळ भाषांतर होईल: ‘ये ना, सांज झाली, माझ्यापाशी तू’. अर्थ छान आहे आणि बाकी सगळं बिनसलं आहे. अक्षरं दहा झाली, कारण ‘पास’चं एक होतं आणि ‘पाशी’ची दोन. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे हा फुगवटा नेहमीचाच. सुरुवातीला ‘आ’ हवा तिथे ‘ये’ आला. ‘शाम’ला ओठ मिटतात, ‘सांज’ला मिटत नाहीत.

मग उलट्या बाजूने सुरुवात करायची. शेवटचा ‘तू’ मराठीतही तूच, तो आधी खिळा मारून पक्का करायचा. तिसऱ्या जागी ‘आ’ आणि मग मिटलेले ओठ असा एकाक्षरी शब्द हवा: ‘थांब’. पहिल्या दोन जागी आ-आ: ‘आता’. चौथ्या-पाचव्या जागी अ-ए: ‘सखे’ किंवा ‘गडे’, पैकी ‘गडे’ आता कुणी म्हणत नाही. सहाव्यापासून म, मग ए, मग ओठ मिटून आ: ‘माझे भान’. ओळ झाली: ‘आता थांब सखे, माझे भान तू’. नऊ अक्षरं, ओठ मिटण्याच्या तिन्ही जागा बरोबर, पहिला आणि शेवटचा स्वर बरोबर. ‘मे’च्या जागी ‘मा’ एवढीच तडजोड.

पण संध्याकाळ गेली. ती जाऊ द्यायला हरकत नाही, कारण मागे सूर्य बुडताना दिसतोच आहे. जे चित्रात आहे ते शब्दांतून काढता येतं. ‘पास’ गेलं, त्याचंही फारसं वाईट नाही. ‘आजा’च्या जागी ‘थांब’ आलं हे मात्र तपासावं लागेल. नायिका पाठ फिरवून निघाली असेल तर ‘थांब’ मूळपेक्षाही बरं. ती त्याच्याकडे चालत येत असेल तर ‘थांब’ म्हणणारा नायक वेडा ठरेल आणि सगळी ओळ पुन्हा लिहावी लागेल.

इथे एक फसवी जागा असते. उंच पट्टीत गाताना गायिका ‘ई’सुद्धा जबडा उघडून म्हणते, त्याशिवाय स्वर लागत नाही. कागदावर ‘ई’ आहे आणि चित्रात तोंड ‘आ’सारखं उघडं आहे. अशा वेळी मूळ गाण्याचा कागद बाजूला ठेवावा आणि चित्रावर विश्वास ठेवावा.

हे सगळं टाळण्याचा एक राजमार्ग आपल्याकडे होता. ‘प्रभात’ने 1932मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला, पुढे ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ही दोन्ही भाषांत बनवले. ओठ जुळवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण नट त्याच भाषेत गात होते. खर्च दुप्पट होता, म्हणून ती पद्धत टिकली नाही.

आणि ओठांपायी किती सोडायचं यावर वाद कायम राहणार. मणिरत्नम यांच्या ‘रोजा’ची (1992) तमिळ गाणी वैरमुत्तु यांची, हिंदी पी. के. मिश्रा यांची. मिश्रांच्या डब गाण्यांना शब्द जुळवल्यासारखे वाटतात म्हणून पुष्कळांनी नावं ठेवली. पण मूळ गाण्यात ‘आसै’ येतो तिथे त्यांनी ‘आशा’ बसवला: अर्थ तोच, लांबी तीच, पहिला आ तोच. असा शब्द सापडण्यासाठी दोन भाषांचं संस्कृतशी नातं उपयोगी पडलं हे खरं, तरी तो शोधावा लागतोच.

मराठीत आता मोठे दाक्षिणात्य चित्रपट डब होऊ लागले आहेत, ‘बाहुबली’ आला. निर्मात्यांना एकच विनंती. गीतकाराला नुसता ट्रॅक आणि मूळ शब्दांचा अर्थ पाठवू नका. कापलेलं, अंतिम चित्र पाठवा. ते गुप्त ठेवायचं असेल तर निदान चेहरा कुठे जवळ आहे, कुठे पाठमोरा आहे आणि कोणता स्वर किती सेकंद पडद्यावर दिसतो, एवढं लिहून द्या. तेवढ्यावर ‘जाऊ दे’ कुठे चालेल आणि ‘हो’ कुठे लागेल, ते तो ठरवू शकतो.